प्रश्न जसाच्या तसा वाचला, तरी लोक अडतातच: पायलटच्या रेकॉर्डिंगमधून दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

लक्षण असं. सर्व्हेआधीची छोटी चाचणी, म्हणजे पायलट, होतो, संध्याकाळी बैठक बसते, सुपरवायझर सांगतात की फॉर्म छान चालला, लोकांनी सहकार्य केलं. मग रेकॉर्डिंग ऐकून कोडिंग केलं, म्हणजे प्रत्येक प्रश्नावर काय घडलं त्याला ठरलेला आकडा दिला, की दोन-तीन प्रश्नांवर लाल खुणांचा ढीग दिसतो. त्यावर काहीतरी उपाय करून दुसरा पायलट घेतला, की त्याच प्रश्नांवर तोच ढीग. कधी आधीपेक्षा मोठा.

आमच्याकडे हे एका शेतकरी कुटुंबांच्या सर्व्हेत झालं. पारनेर आणि शिरूर तालुक्यांतली गावं, सहा सर्व्हेयर, प्रत्येकाच्या सहा मुलाखती, एकूण ३६. रेकॉर्डिंग टॅबलेटवरच, ओडीके या फॉर्म भरायच्या अ‍ॅपमधल्या `background-audio` या प्रकारात, आणि अर्थात आधी परवानगी घेऊन. घोळ होता चौदाव्या प्रश्नाचा: ‘आपल्या कुटुंबाच्या मालकीची एकूण शेतजमीन किती आहे?’

वाचायला सरळ वाटतो ना? आम्हालाही वाटला होता.

कोड कोणते लावले

ही पद्धत जुनी आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात चार्ल्स कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रुळवली. सुरुवातीला ती मुलाखत घेणारे कसे वागतात हे बघण्यासाठी होती. प्रश्नाचाच दोष शोधायला ती नंतर वापरात आली. यात कोडर रेकॉर्डिंग ऐकतो आणि प्रत्येक प्रश्नासाठी दोनच गोष्टी लिहितो: वाचणाऱ्याने काय केलं, आणि ऐकणाऱ्याने त्यावर पहिल्यांदा काय केलं.

वाचण्यासाठी आमचे कोड होते १ ते ४. जसाच्या तसा वाचला तर १. एखादा शब्द इकडेतिकडे पण अर्थ तोच, तर २. अर्थच बदलला किंवा प्रश्नाचा तुकडा खाल्ला तर ३. विचारलाच नाही, उत्तर मनानेच भरलं, तर ४. ऐकणाऱ्यासाठी: सरळ उत्तर दिलं तर ०, प्रश्न पुरा होण्याआधीच बोलले तर ५, शंका विचारली तर ६, उत्तर दिलं पण ते प्रश्नाला लागू पडत नाही तर ७, ‘माहीत नाही’ किंवा नकार असेल तर ८. ज्या घराला तो प्रश्न लागूच नव्हता तिथे रकाना कोरा ठेवायचा. तिथे शून्य टाकलं तर ते ‘सरळ उत्तर’ म्हणून मोजलं जातं आणि टक्केवारी उगाच चांगली दिसते. पहिल्या वेळी एका कोडरने नेमकं हेच केलं होतं.

कोडरच्या हातात फॉर्मची तीच आवृत्ती हवी जी त्या दिवशी टॅबलेटवर होती. हे सांगायची गरज वाटू नये, पण दुरुस्त केलेला फॉर्म समोर ठेवून जुनं रेकॉर्डिंग ऐकलं तर प्रत्येक सर्व्हेयर चुकीचा ठरतो. आणि ज्याने सर्व्हेयरना ट्रेनिंग दिलं त्याला कोडर म्हणून बसवू नका. त्याला प्रश्न पाठ असतो, त्यामुळे गाळलेला शब्दही त्याला ऐकू येतो.

वेळेचं म्हणाल तर ४० मिनिटांच्या मुलाखतीला आमच्या कोडरला सव्वा ते दीड तास लागत होता.

पहिला निकाल आणि आमचा चुकलेला उपाय

साधारण रूढ ठोकताळा असा की एखाद्या प्रश्नात १५ टक्क्यांहून जास्त वेळा गडबड दिसली तर तो प्रश्न तपासायला घ्यायचा. ३६ मुलाखतींत १५ टक्क्यांहून जास्त म्हणजे किमान ६ वेळा. हा आकडा देवाने दिलेला नाही हे लक्षात ठेवा. ३६ मध्ये ६ वेळा अडखळ दिसली, तर खरं प्रमाण ८ टक्क्यांपासून ३२ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. सहा वेळा झालं की प्रश्न वाईट आणि पाच वेळा झालं की चांगला, असं या आकाराच्या पायलटमध्ये म्हणता येत नाही. आधी कुठलं रेकॉर्डिंग ऐकायचं ते ठरवायला मात्र तो पुरतो.

चौदाव्या प्रश्नाला ठोकताळ्याची गरजच नव्हती. ३६ पैकी ९ वेळा सर्व्हेयरने अर्थ बदलून वाचला होता, म्हणजे २५ टक्के. आणि १४ वेळा लोकांनी शंका विचारली होती, म्हणजे ३९ टक्के.

आम्ही काय समजलो? सर्व्हेयर मनाने वाचतात, म्हणून लोक गोंधळतात. एक दिवस वाचनाची घोकंपट्टी घेतली. जोड्या लावल्या, एकाने वाचायचं, दुसऱ्याने फॉर्मवर बोट ठेवून तपासायचं. दुसऱ्या पायलटला परत ३६ मुलाखती, त्याच सहा जणांकडून, पण वेगळ्या गावांत. अर्थ बदलून वाचणं ९ वरून २ वर आलं. सगळे खूश. आणि शंका १४ वरून १७ वर गेल्या.

वाचन सुधारलं आणि शंका वाढल्या. हा आकडा समोर आला तेव्हा कोडिंग चुकलं असेल असंच आम्हाला वाटलं, आणि त्यावर आणखी दोन दिवस गेले.

कोडर एकमेकांशी जुळतात का

ते दोन दिवस अगदीच वाया गेले नाहीत, म्हणून थोडं सांगतो. सहा मुलाखती दोन कोडरनी स्वतंत्रपणे कोड केल्या होत्या. दोघांची ‘शंका’ या कोडवर किती एकवाक्यता, तर ९२ टक्के. ऐकायला झकास. पण बहुतेक प्रश्नांवर शंका नसतेच, त्यामुळे एकाने दर वेळी डोळे मिटून ‘नाही’ म्हटलं तरी दुसऱ्याशी ९० टक्क्यांच्या आसपास जुळतंच. दर १०० प्रश्नांचा हिशेब मांडला तर असा होता: दोघांनी शंका म्हटली ६, फक्त पहिल्याने ४, फक्त दुसरीने ४, दोघांनीही नाही ८६. दोघेही दहात एकदा शंका नोंदवतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने जुळण्याचं प्रमाण ८२ टक्के. मग योगायोग वजा करून एकवाक्यता सांगणारा आकडा, म्हणजे कॅपा, काढला:

```
(0.92 - 0.82) / (1 - 0.82) = 0.56
```

हे मध्यम, आणि आम्हाला पुरेसं नव्हतं. न जुळलेले तुकडे दोघांना शेजारी बसवून ऐकवले तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच प्रकार निघाला. समोरचा म्हणतो, ‘आँ?’ किंवा ‘काय म्हणला?’ एक कोडर ते शंका धरत होता, दुसरी धरत नव्हती. गोठ्यात मशीन चालू आहे, पत्र्यावर पाऊस आहे, काकांना कमी ऐकू येतं, यात प्रश्नाचा काय दोष? मग नियम केला: तोच प्रश्न पुन्हा वाचल्यावर उत्तर आलं तर ते ‘ऐकू आलं नाही’, कोड ९. पुन्हा वाचूनही अडले, किंवा एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तर ६. या नियमाने फेरकोडिंग केल्यावर चौदाव्या प्रश्नाच्या शंका हलल्याच नाहीत. १४ च्या १४, १७ च्या १७. तिथे ‘आँ’ नव्हतंच, तिथे खरे प्रश्न होते.

आधी कोण घसरलं?

इथे खरी मेख होती. आम्ही वाचनाची टक्केवारी वेगळी काढत होतो आणि शंकांची वेगळी. दोन्ही रकाने एकाच ओळीत शेजारी शेजारी भरलेले असूनही एकत्र पाहिले नव्हते. विचारायला हवं होतं ते हे: प्रश्न नीट वाचल्यावर किती शंका आल्या, आणि बदलून वाचल्यावर किती?

शीटमध्ये C रकान्यात प्रश्न, D मध्ये वाचनाचा कोड आणि E मध्ये समोरच्याचा पहिला प्रतिसाद असेल तर दोन ओळी पुरतात. पहिली नीट वाचलेल्यांची, दुसरी बदलून वाचलेल्यांची:

```
=COUNTIFS(C:C,"प्र१४",D:D,"<=2",E:E,6)/COUNTIFS(C:C,"प्र१४",D:D,"<=2")
=COUNTIFS(C:C,"प्र१४",D:D,3,E:E,6)/COUNTIFS(C:C,"प्र१४",D:D,3)
```

पहिल्या पायलटचं उत्तर आलं: नीट वाचलेल्या २७ पैकी १२ वेळा शंका, ४४ टक्के. बदलून वाचलेल्या ९ पैकी फक्त २ वेळा, २२ टक्के.

म्हणजे आमच्या समजुतीच्या बरोब्बर उलट. सर्व्हेयर मनाने वाचत होते म्हणून लोक गोंधळत नव्हते. लोक गोंधळतात हे दोन-तीन घरांत कळल्यावर सर्व्हेयर प्रश्न स्वतःच दुरुस्त करून विचारत होते. आम्ही घोकंपट्टी घेऊन ती दुरुस्ती बंद पाडली आणि मूळ दोष उघडा पडला. दुसऱ्या पायलटला नीट वाचलेल्या ३४ पैकी १६ वेळा शंका, ४७ टक्के.

आकडे लहान आहेत. ९ पैकी २ यावर पैज लावू नये. म्हणून ते नऊच्या नऊ तुकडे काढून ऐकले. ते वाचनात बदललेलं वाक्य आणि त्याआधीची दोन मिनिटं, एवढंच. एका सर्व्हेयर ताईची पहिली मुलाखत अशी होती:

‘आपल्या कुटुंबाच्या मालकीची एकूण शेतजमीन किती आहे?’

‘म्हंजे माझ्या नावावरची का भावांची धरून?’

‘कुटुंबाची, काका.’

‘आवो ताई, सातबारा एकच हाय, चूल येगळी हाय. कुठली सांगू?’

‘तुमच्या वाट्याची सांगा.’

‘मग तसं इचारा की.’

दुसऱ्या दिवसापासून तिने तसंच विचारलं: ‘काका, तुमच्या वाट्याला किती एकर आलीय?’ एकही शंका नाही. कोडरने इमानदारीने ३ लावला.

ऐकून आधी वाटलं, चला, हीच वाक्यरचना घेऊ. पण बाकीचे तुकडे ऐकल्यावर तो विचार सोडला. नऊ बदल चार सर्व्हेयरकडून आले होते आणि ताईचा सोडून त्यांत आणखी तीन वेगवेगळे अर्थ होते. एक जण विचारत होता ‘तुमच्या नावावर सातबाऱ्यावर किती?’ एक ‘घरची सगळी मिळून किती?’ एक ‘तुम्ही किती कसता?’, ज्यात वाट्याने केलेली दुसऱ्याची जमीनही आली. प्रत्येकाला शंका कमी येत होत्या, आणि प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजत होता. डेटामध्ये मात्र सगळं ‘शेतजमीन’ या एकाच रकान्यात पडत होतं. सर्व्हेयरच्या दुरुस्तीतून दोष कुठे आहे ते कळतं. ती दुरुस्ती तशीच फॉर्ममध्ये उचलायची नाही.

सर्व्हेयरनुसार फोडून पाहणं

याच वेळी आणखी एक पडताळणी करून घ्यावी, कारण सगळेच बदल प्रश्नाच्या दोषाने होत नाहीत. आमच्या फॉर्ममध्ये बाविसाव्या प्रश्नावर, कर्जाच्या, ८ वेळा कोड ३ होता. चौदाव्यासारखाच वाटतो. पण ८ पैकी ६ एकाच सर्व्हेयरचे, म्हणजे त्याच्या सहाच्या सहा मुलाखतींत. तो ‘गेल्या १२ महिन्यांत’ हे शब्द दर वेळी गिळत होता. बाकी पाच जणांत मिळून दोन. हा माणसाचा प्रश्न, समजावून सुटतो आणि सुटला. चौदाव्याचे नऊ चार जणांत ४, २, २, १ असे पसरलेले होते, म्हणून तो प्रश्नाचा दोष.

नवव्या प्रश्नाची गंमत वेगळीच. ‘आपल्याकडे शिधापत्रिका आहे का?’ ३६ पैकी ३१ वेळा कोड २. सहाही जणांनी ‘रेशन कार्ड’ म्हटलं. शंका शून्य. ऑफिसात बसून शिधापत्रिका लिहिणाऱ्याला, म्हणजे मला, एवढं पुरे होतं. फॉर्ममध्ये रेशन कार्ड केलं आणि विषय संपला.

प्रश्न कसा बदलला

कोडिंग जागा दाखवतं, कारण सांगत नाही. कारणासाठी चौदाव्यावरच्या दोन्ही पायलटच्या ३१ शंका शब्दशः लिहून काढल्या. वर्गवारी करायला फार वेळ लागला नाही. निम्म्याहून जास्त शंका ‘कुटुंब’ या शब्दावर होत्या: भाऊ धरायचे का, आई-वडील धरायचे का. उरलेल्यांतल्या बऱ्याच मापावर: एकर सांगू का हेक्टर? आणि काही ‘मालकी’वर, म्हणजे वडील वारलेत आणि वारसनोंद व्हायचीय, तर जमीन कोणाची?

मापाचा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण तिथे कुठली शंका घातक आणि कुठली निरुपद्रवी हे कळतं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, गावात बोलणं एकर-गुंठ्यांत. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, एक गुंठा म्हणजे १.०१ आर. तिथे कोणी घोळ घातला तरी काही बिघडत नाही. पण हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. ज्याने सातबारा आणून ‘एक हेक्टर वीस आर’ वाचून दाखवलं आणि सर्व्हेयरने एकर समजून १.२ भरलं, त्याची तीन एकरांची जमीन सव्वा एकराच्याही आत आली. पहिल्या पायलटमध्ये असं दोनदा झालेलं रेकॉर्डिंगमध्ये सापडलं. दोन्ही ठिकाणी समोरच्याचा कोड ०, कारण त्याने बिचाऱ्याने सरळ उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या पायलटच्या आधी आम्ही एक ‘सोपा’ उपाय केला होता तोही सांगून टाकतो. प्रश्नाखाली बारीक अक्षरात सूचना टाकली होती: ‘फक्त एकत्र राहणाऱ्या सदस्यांची जमीन धरावी’. रेकॉर्डिंगमध्ये ती सूचना ३६ पैकी एकदाही ऐकू आली नाही. सर्व्हेयरचा दोष नाही. सूचना वाचायची नसते हेच आम्ही त्यांना शिकवलं होतं. जे लोकांच्या कानावर जायला हवं ते प्रश्नाच्या वाक्यातच हवं.

मग प्रश्न फोडला. फॉर्मच्या सुरुवातीला एका चुलीवर जेवणाऱ्यांची यादी होतीच, तिचा आधार घेतला. आधी: ‘एका चुलीवर जेवणाऱ्या ज्यांची नावं आपण मघाशी लिहिली, त्यांच्यापैकी कोणाच्या नावावर शेतजमीन आहे?’ मग ज्याचं ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी: ‘यांच्या नावावर किती जमीन आहे? एकर, गुंठे, हेक्टर, कशातही सांगा.’ आकडा आणि माप वेगळ्या रकान्यांत, रूपांतर फॉर्मच करणार. वाट्याने किंवा खंडाने केलेल्या जमिनीसाठी पुढे स्वतंत्र प्रश्न.

एका वाक्याचे तीन प्रश्न झाले आणि मुलाखत साधारण मिनिटभराने लांबली. यावर ऑफिसात वाद झाला. माझं म्हणणं एवढंच होतं की ‘म्हणजे कोणाची?’, ‘भाऊ धरू का?’ यात आधीही तेवढाच वेळ जात होता.

तिसऱ्या पायलटला ३६ पैकी ३३ वेळा पहिला उपप्रश्न नीट वाचला गेला आणि त्यातल्या ४ वेळा शंका आली, १२ टक्के. चारपैकी तीन सामाईक सातबाऱ्याच्या: ‘नाव आजोबांचंच हाय अजून.’ म्हणून शेवटच्या आवृत्तीत ‘नावावर’ऐवजी ‘नावावर किंवा वाटणीत आलेली’ केलं.

जे या पद्धतीत दिसत नाही

ज्याला प्रश्न चुकीचा समजला आणि तरी ज्याने फटकन उत्तर दिलं, तो कोडिंगमध्ये स्वच्छ दिसतो. हेक्टरवाल्या दोघांसारखा. शंका विचारणारा माणूस एका अर्थी आपलं काम सोपं करतो. जो ‘तीन एकर’ म्हणून गप्प बसतो त्याचं काय करायचं?

आम्ही तिसऱ्या पायलटमध्ये मुलाखत संपल्यावर ज्यांचा चौदाव्यावर कोड ०च येणार अशा दहा जणांना एवढंच विचारलं: ‘मघाशी जी जमीन सांगितली, ती कोणाकोणाची धरली?’ आठ जणांचं उत्तर यादीशी जुळलं. एका काकांनी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाची धरली होती, जो यादीत नव्हता. आणि एका घरी मावशींच्या नावावरची एक एकर सांगितलीच गेली नव्हती. माहेरची होती. ‘ती काय आमच्यात मोजत्यात व्हय?’ मावशी म्हणाल्या. त्या घरची मुलाखत त्यांच्या नवऱ्याने दिली होती, मावशी शेजारी बसून होत्या, आणि रेकॉर्डिंगमध्ये चौदाव्या प्रश्नावर एक सेकंदाचीही अडखळ नाही.

आता पहिल्या उपप्रश्नात यादीतल्या बायकांची नावंही एक एक करून वाचायची, असं ठरवलंय. चौथ्या पायलटचं रेकॉर्डिंग अजून यायचंय.